पाच अंशांचा फरक

काचेच्या कुपीत ४४ ग्रॅम, म्हणजे एक मोल कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्यावर ८० बार दाब आहे, असे समजा. तापमान ३५ अंश सेल्सिअस असेल तर हा वायू १०५ घन सेंटिमीटर जागा व्यापतो, साधारण एका कटिंग चहाएवढी. दाब तोच ठेवून तापमान ४० अंशांवर नेले की आकारमान १५८ होते. पाच अंशांत दीडपट! शाळेत शिकलेल्या PV = RT या सूत्राला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याच्या मते पहिले उत्तर ३२०, दुसरे ३२५.

हा प्रश्न कागदापुरता नाही. हळद, मिरी, आले यांचा अर्क काढण्यासाठी याच अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड वापरतात. मुंबईच्या आयआयटीतील ममता मुखोपाध्याय यांचे या विषयावरचे पुस्तक २००० साली आले. अर्क किती विरघळेल हे बव्हंशी वायूच्या घनतेवर ठरते, आणि घनता म्हणजे मोलीय आकारमानाचा व्यस्तांक. आकारमान चुकले की पात्राचा, पंपाचा, वेळेचा सगळा हिशेब चुकतो.

या विचित्र वागण्याचा पहिला नीट नकाशा थॉमस अँड्र्यूज यांनी बेलफास्टमध्ये काढला. बारीक काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, त्याखाली पारा, आणि स्क्रू फिरवून वाढवायचा दाब, अशी त्यांची मांडणी होती. १३.१ अंशांपासून ४८.१ अंशांपर्यंत एकेक तापमान स्थिर धरून त्यांनी दाब आणि आकारमान मोजले. १८६९ च्या व्याख्यानात त्यांनी दाखवलेल्या वक्रांपैकी एक ३५.५ अंशांचा आहे, आपल्या उदाहरणाच्या अगदी शेजारचा. थंड तापमानांच्या वक्रांत एक सपाट पट्टा दिसतो. तिथे दाब न वाढता वायूचा द्रव होत असतो. तापमान वाढेल तसा हा पट्टा आखूड होत जातो आणि ३१ अंशांच्या आसपास नाहीसा होतो. द्रव आणि वायू यांच्यातली रेघ फिकट होते, तिचा बाक जातो, आणि नळीत नुसत्या थरथरत्या लाटा उरतात. हाच क्रांतिक बिंदू. आजच्या मोजमापानुसार कार्बन डायऑक्साइडसाठी तो ३०४.१३ केल्विन (३०.९८ अंश) आणि ७३.७७ बार येथे आहे, आणि तिथे मोलीय आकारमान ९४ घन सेंटिमीटर आहे.

चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, लायडनच्या योहान्स डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांनी आपल्या प्रबंधात याचे समीकरण दिले. ते सुताराचे चिरंजीव, पेशाने शाळामास्तर. त्यांनी दोनच दुरुस्त्या केल्या. रेणू स्वतः जागा अडवतात, म्हणून आकारमानातून b वजा करायचा. रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून भिंतीवरचा दाब a/V² ने कमी धरायचा. एवढ्याने समीकरण आकारमानात तिसऱ्या घाताचे झाले, आणि त्या तिसऱ्या घातातच सगळी गंमत आहे. त्रिघाती वक्र एकदा खाली वळतो आणि पुन्हा वर जातो, म्हणून एकाच दाबाला तीन आकारमाने मिळू शकतात. द्रव आणि वायू या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच वक्राची दोन टोके आहेत, हे त्यातून पहिल्यांदा दिसले. १९१० साली त्यांना नोबेल मिळाले.

आता अभियंते प्रत्यक्षात वापरतात ते समीकरण पाहू. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या डिंग-यू पेंग आणि डोनाल्ड रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये आकर्षणाची संज्ञा बदलून ते असे लिहिले:

```
P = RT/(V-b) - aα/(V² + 2bV - b²)
```

यातले a आणि b हे क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब यांवरून ठरतात. α मात्र तापमानाबरोबर बदलतो. Z = PV/RT असा एक साधा अंक घेतला की हेच समीकरण Z मध्ये त्रिघाती होते. ३५ अंश आणि ८० बारसाठी त्यातल्या A आणि B या संख्या ०.४७८५१६ आणि ०.०८३२७० येतात, आणि सोडवायचे समीकरण असे:

```
Z³ - 0.916730 Z² + 0.291175 Z - 0.032335 = 0
```

तापमान क्रांतिक तापमानाच्या वर आहे, म्हणून वास्तव मूळ एकच निघते: Z = ०.३४०३५. RT/P म्हणजे ३२०.२६ ने गुणले की आकारमान १०९.० घन सेंटिमीटर. खरे उत्तर १०५. म्हणजे चूक सुमारे चार टक्के.

इथे बहुतेकांचे समाधान होते, पण मला इथेच थांबून पुढचे दोन आकडे तपासावेसे वाटतात. हाच बिंदू व्हॅन डर वाल्सच्या दीडशे वर्षे जुन्या समीकरणाने सोडवला तर उत्तर १०६.९ येते, म्हणजे नव्या समीकरणापेक्षाही बरे! मग पेंग आणि रॉबिन्सन कशाला हवेत? तापमान तेच ठेवून दाब १०० बार करून पाहिले की कारण कळते. खरे आकारमान ६१.७, पेंग-रॉबिन्सनचे ६७.६, आणि व्हॅन डर वाल्सचे ८५.७, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के जास्त. जुना वक्र खऱ्या वक्राला ८० बारजवळ केवळ छेदून गेला होता. एका बिंदूवर उत्तर जुळले म्हणून समीकरणावर विश्वास टाकू नये. क्रांतिक बिंदूच्या परिसरात तर वक्र इतके गुंतलेले असतात की असे योगायोग सहज घडतात.

क्रांतिक बिंदूवरच पाहिले तर चूक लपत नाही. तिथे Z ची खरी किंमत ०.२७५ आहे. व्हॅन डर वाल्स म्हणतात ०.३७५, पेंग-रॉबिन्सन ०.३०७. ही संख्या समीकरणाच्या घडणीतूनच येते, त्यामुळे कुठलाही वायू घ्या, ती तीच राहते. पाण्याची खरी किंमत ०.२२९ असली तरी पेंग-रॉबिन्सनचे उत्तर ०.३०७ च. क्रांतिक तापमान आणि दाब अचूक बसवण्यासाठी दोन्ही स्थिरांक खर्च होऊन जातात. आकारमान बसवायला हातात काहीच उरत नाही.

आता क्रांतिक तापमानाच्या खाली येऊ. २५ अंश आणि ६४.३ बारला द्रव आणि वायू एकत्र नांदतात. पेंग-रॉबिन्सनची तीन मुळे आकारमानात मांडली तर ७०.६, १०८ आणि १८० येतात. मोजलेला द्रव ६१.९ आणि वायू १८१.३. वायूचे उत्तर एका टक्क्याच्या आत, द्रवाचे चौदा टक्के मोठे. मधले १०८ टाकून द्यायचे, कारण तिथे दाब वाढवला तर आकारमान वाढते असा वक्र आहे आणि असा पदार्थ क्षणभरही टिकणार नाही. उरलेल्या दोनांपैकी कोणते, हे दाब या संतुलनाच्या दाबापेक्षा वेगळा असताना ठरवावे लागते. त्यासाठी दोन्ही मुळांवर फ्युगॅसिटी काढतात आणि कमी असेल ती अवस्था खरी मानतात. संगणकाने जे मूळ आधी दिले तेच घेतले, ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत बऱ्याचदा पाहिली आहे. ती ओळखायची खूण सोपी आहे: दाब थोडा-थोडा बदलताना आकारमान नको तिथे उडी मारते.

द्रवाची ही चूक कमी करायला फ्रान्समधील पेनलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक सुरेख युक्ती सुचवली. सगळ्या आकारमानांतून एक स्थिर संख्या वजा करायची. त्याने द्रव आणि वायू यांचा समतोल दाब बदलत नाही, फक्त आकारमान सरकते. २५ अंशांच्या द्रवासाठी ही संख्या ८.७ हवी. पण तीच वायूतून वजा केली तर १८० चे १७१ होतात आणि आधी बरोबर असलेले उत्तर पाच टक्क्यांनी बिघडते. क्रांतिक बिंदूवर तर ११ ची गरज पडते. कमी तापमानाला, जिथे वायूचे आकारमान हजारांत असते, तिथे हे सरकवणे उत्तम चालते. क्रांतिक बिंदूजवळ एक संख्या सगळ्यांना पुरत नाही.

याचे कारण खोल आहे. कुठल्याही त्रिघाती समीकरणात क्रांतिक तापमानाच्या वक्रावर दाबातला फरक आकारमानातल्या फरकाच्या तिसऱ्या घाताने वाढतो. निसर्गात तो घात सुमारे ४.८ आहे. म्हणजे खरा वक्र तिथे त्रिघातीपेक्षा कितीतरी सपाट आहे. रेणूंच्या घनतेतले चढउतार तिथे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे पसरतात, म्हणून कुपी दुधाळ दिसते. सरासरी आकर्षण धरून चालणारे a आणि b या चढउतारांना पकडू शकत नाहीत. शुद्ध कार्बन डायऑक्साइडची अचूक घनता हवी असेल तर आज स्पॅन आणि वॅग्नर यांचे १९९६ चे लांबलचक समीकरण घ्यावे. त्रिघाती समीकरण टिकून आहे ते मिश्रणांसाठी आणि वेगासाठी.

आणि ते वापरताना हाताशी ठेवायची एक गोष्ट. वरच्या समीकरणाचा आपल्या मुळापाशी उतार फक्त ०.०१५ आहे. आदर्श वायूजवळ तो एकाच्या आसपास असतो. उतार इतका कमी म्हणजे गुणकांतली बारीक चूकही कित्येक पटींनी मोठी होऊन Z मध्ये उतरते. A ची किंमत ०.४७८५१६ ऐवजी ०.४७९ अशी तीन दशांशांवर आणली, तर आकारमान १०९ वरून १०६.२ होते. अडीच टक्के गेले, तेही केवळ वहीत आकडे आवरते घेतल्यामुळे. म्हणून मूळ सापडले की तिथला उतार काढून बघावा. तो लहान असेल तर सगळे दशांश शेवटपर्यंत वागवावेत.

तोच उतार तापमापकाबद्दलही सांगतो. ८० बारला पेंग-रॉबिन्सनने ३४ अंशांसाठी ९२.२, ३५ साठी १०९.० आणि ३६ साठी १२३.९ दिले. समीकरणाची स्वतःची चूक चार घन सेंटिमीटरची होती. तापमापकाने एक अंश चुकवला तर पंधरा-सतरा जातात. म्हणून मी हे उत्तर एकट्या १०९ असे लिहीत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडेही सोबत लिहितो.