शनिवारची दुपार कोण करेल? ड्युटी बदलून मागताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "शिफ्टची नोकरी आहे, एक दिवस हवाय, रजा मिळत नाही. सहकाऱ्याला विचारायचं कसं?" मी स्वतः हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या वॉर्डात महिन्यातून दोन-चार वेळा तरी हा विषय निघतोच, म्हणून आज तिथलंच सांगते. कॉल सेंटर किंवा कारखान्यात असाल तर वेळा वेगळ्या असतील, पण हिशेब साधारण हाच.

आमच्याकडे तीन पाळ्या असतात. सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८ आणि रात्र ८ ते सकाळी ८. म्हणजे दिवसाच्या पाळ्या सहा तासांच्या आणि रात्र बारा तासांची. हे आधीच लक्षात ठेवा, कारण बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. "तू माझी दुपार कर, मी तुझी रात्र करते" म्हणणारी सहा तासांच्या बदल्यात बारा तास देऊन बसते. पुढच्या वेळी तिच्या मनात ते राहतंच, तोंडाने बोलली नाही तरी.

आता एक खरी केस घेऊ, माझीच. शनिवार १४ तारखेला माझी दुपार होती. त्याच दिवशी सकाळी ११ वाजता साताऱ्याला मामेबहिणीचा साखरपुडा. मी पुण्यात. कार्यक्रम, जेवण आणि परतीचा प्रवास धरला तर २ वाजता वॉर्डात पोचणं शक्यच नव्हतं. दुपार बदलून घ्यायलाच हवी होती.

इथे बहुतेक जण थेट व्हॉट्सॲप ग्रुप उघडतात आणि लिहितात, "शनिवारी कोणाला जमेल का?" ग्रुपवर विचारलं की प्रत्येकीला वाटतं, दुसरी कोणीतरी हो म्हणेल. सगळ्यांच्या निळ्या टिका येतात आणि उत्तर कोणाचंच येत नाही. म्हणून आधी ड्युटी लिस्ट उघडायची आणि माणूस शोधायचा.

वॉर्डात आम्ही नऊ जणी. त्या शनिवारी तिघींची सकाळ होती, दोघींची दुपार (त्यातली एक मी), दोघींची रात्र, एकीचा स्लीपिंग ऑफ आणि एकीचा वीकली ऑफ. सकाळवालीने माझी दुपार घेतली असती तर ती सकाळी ८ पासून रात्री ८ पर्यंत वॉर्डातच राहिली असती. रात्रवालीचं त्याहून वाईट. दुपारी २ ला आली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला सुटली असती, सलग अठरा तास. रात्री तीन-चार वाजता सलाइनमध्ये औषध मिसळताना डोळे मिटणाऱ्या बाईच्या हाती वॉर्ड द्यायचा नसतो. स्लीपिंग ऑफवाली लिस्टवर मोकळी दिसते, पण ती शनिवारी सकाळी ८ ला रात्रपाळी संपवून घरी गेलेली असते. लिस्टवरच्या या दोन सुट्ट्या सारख्या दिसतात, म्हणून नवीन मुली तिलाच आधी फोन करतात, आणि तोही सकाळी अकराला, तिची पहिली झोप मोडून.

उरली एकच, वीकली ऑफवाली सीनियर ताई. नऊ जणींमध्ये विचारण्यासारखी माणसं अशी एक-दोनच निघतात. हे कळलं की मेसेजही नेमका लिहिता येतो.

आता परतफेड. गावाकडे शेतकरी सावड करतात ना, आज तुझ्या रानात एक दिवस, उद्या माझ्या रानात एक दिवस, तसंच इथे. दिवसाला दिवस. ताई माझ्यासाठी वीकली ऑफ मोडणार, म्हणजे मी तिला ऑफच परत द्यायला हवा. माझा वीकली ऑफ मंगळवारी असतो. मंगळवार १७ ला ताईची दुपार होती. ती मी केली की तिला तो दिवस मोकळा. दुपारच्या बदल्यात दुपार, ऑफच्या बदल्यात ऑफ. तिची मंगळवारी रात्र असती तर हे जमलंच नसतं. बारा तास तर झालेच असते, शिवाय रात्र बुधवारी सकाळी ८ ला संपते आणि बुधवारी माझी सकाळ ८ लाच सुरू होते.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. दोघींच्याही लिस्टमध्ये बदललेल्या दिवसाच्या आधी आणि नंतर काय आहे ते बघायचं. ताईची रविवारी सकाळ होती. शनिवारी दुपारपाळी ८ ला संपते, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ, घरी साडेनऊ आणि रविवारी पहाटे सहाला पुन्हा उठायचं. मध्ये साडेअकरा तास मिळतात. युरोपीय संघात दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास विश्रांती असा नियम आहे, त्यात बसतं, पण जेमतेम. दुसरं म्हणजे सलग दिवस. ताईचा आधीचा ऑफ ७ तारखेच्या शनिवारी होता. तो १४ चा मोडला आणि १७ ला मिळाला, म्हणजे ८ पासून १६ पर्यंत सलग नऊ दिवस काम. माझंही तसंच, १५ पासून २३ पर्यंत नऊ. हा भार दोघींवर सारखा आला म्हणून मला विचारायला संकोच वाटला नाही. तिचे नऊ आणि माझे पाच झाले असते तर मी दुसरा दिवस शोधला असता.

एवढं झाल्यावर सोमवारी संध्याकाळी मेसेज केला. ताईची त्या दिवशी सकाळ होती, म्हणून चारनंतर. मेसेज असा:

"ताई, शनिवार १४ ला माझी दुपार आहे. साताऱ्याला मामेबहिणीचा साखरपुडा आहे. तुमचा त्या दिवशी ऑफ आहे म्हणून विचारतेय. तुम्ही माझी दुपार केलीत तर मंगळवार १७ ची तुमची दुपार मी करते, म्हणजे तुम्हाला तो दिवस सुट्टी. फक्त तुमची रविवारी सकाळ आहे आणि सलग नऊ दिवस होतायत, ते बघून सांगा. नाही जमलं तरी काहीच हरकत नाही. बुधवारपर्यंत कळवाल? म्हणजे मला इन्चार्ज सिस्टरांशी बोलता येईल."

यात काय नाही ते बघा. "प्लीज प्लीज" नाही. साखरपुड्याचं कारण एका वाक्यात आहे, त्याची कहाणी नाही. लांबलचक कारण सांगितलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं आणि ती मनाविरुद्ध हो म्हणते. अशी माणसं मग शुक्रवारी रात्री फोन करतात, "अगं, माझं जरा अवघडच वाटतंय." तिची अडचण मी स्वतःच लिहिली, याचं कारण साधं आहे. ती तिला नंतर दिसली असती तर मी लपवली असं वाटलं असतं. आणि बुधवार यासाठी की नाही आलं तर माझ्या हातात गुरुवार-शुक्रवार राहावेत.

ताईचा फोन आला. म्हणाली, "शनिवारचं करते गं, मंगळवारही चालेल. पण गुरुवारी १९ ला मुलीच्या शाळेत पालकसभा आहे, तीन वाजता. माझी दुपार आहे, तुझी सकाळ. ती पण फिरवूया का?" ही अदलाबदल सोपी होती. एकाच दिवसात सकाळची दुपार, तासही तेवढेच. शुक्रवारी माझी दुपारच होती, म्हणून मला काही जड नव्हतं. हो म्हटलं. तुम्ही विचारता तेव्हा समोरचीही काहीतरी मागणार, हे धरून चालायचं. आपली लिस्ट उघडी ठेवूनच फोन घ्यायचा.

दोघींचं ठरलं म्हणजे झालं असं मात्र नाही. लिस्टवर जिचं नाव आहे तिचीच ती ड्युटी. त्या पाळीत पेशंटला काही झालं, कपाटातल्या औषधांचा हिशेब चुकला, तर आधी लिस्ट बघतात. म्हणून आमच्याकडे ड्युटी एक्स्चेंजचा फॉर्म असतो. दोघींची नावं, दोन्ही तारखा, पाळ्या, दोघींच्या सह्या, मग इन्चार्जची सही आणि शेवटी नर्सिंग ऑफिस. आमचे दोन फॉर्म झाले, एक शनिवार-मंगळवारचा, एक गुरुवारचा. तुमच्याकडे फॉर्म नसेल तर इन्चार्जला दोन्ही तारखांचा मेसेज करा आणि त्यांचं "ओके" येईपर्यंत बदल झाला असं समजू नका.

इन्चार्ज नाही म्हणू शकतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. शनिवारी माझ्याबरोबर दुपारपाळीत नुकतीच लागलेली मुलगी होती. ताई सीनियर म्हणून सही मिळाली. माझ्या जागी दुसरी नवी मुलगी येणार असती तर दोन नव्या मुलींवर वॉर्ड सोडायला त्या तयार झाल्या नसत्या, आणि मला ते पटलं असतं. आयसीयूची ड्युटी तर वॉर्डवालीला देताच येत नाही.

सही झाल्यावर ती पाळी ताईची झाली. तिला शनिवारी ताप आला असता तर तिने इन्चार्जना कळवायचं, मला साताऱ्याहून बोलवायचं नाही. हे मी तिच्याशी आधीच स्पष्ट बोलून घेतलं होतं. आधी बोललं नाही की दोघीही एकमेकींची वाट बघत राहतात आणि २ वाजता वॉर्डात कोणीच येत नाही.

"पुढच्या महिन्यात कधीतरी तुझी एक करते" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यात बेईमानी नसते, पण अडचण अशी की पुढच्या महिन्याची लिस्टच अजून लागलेली नसते. लागते तेव्हा तुमच्या आणि तिच्या पाळ्या कुठेच जुळत नाहीत, आणि दोन महिन्यांनी कोणी कोणाची केली हेच आठवत नाही. शक्यतो लागलेल्या लिस्टमधलीच तारीख द्या. महिनाअखेर असेल आणि नाइलाज असेल, तर नवी लिस्ट बनण्याआधी इन्चार्जना सांगा, म्हणजे परतफेडीची पाळी त्या लिस्टमध्येच टाकतील.

एक छोटी गोष्ट राहिली. हजेरी बोटाच्या ठशावर असेल तर कागदावर बदललेली ड्युटी मशीनच्या सिस्टिममध्ये आपोआप बदलत नाही. त्या महिन्यात माझा शनिवार गैरहजर दाखवत होता आणि ताईचा शनिवार ऑफच्या दिवशी जादा. फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो दाखवून ऑफिसमधून दुरुस्त करून घेतला. पगार निघायच्या आधी, २५ तारखेच्या आसपास, एकदा आपली हजेरी बघून घ्या. आणि जिने तुमची पाळी केली तिचीही बघायला सांगा.