टोल एकदाच, प्रवासी हजारो

कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलेली मोटार खालापूरला टोल भरते. आत एकटा चालक आहे की पाच जणांचं कुटुंब, याच्याशी टोलनाक्याला काही देणंघेणं नसतं. बसचा टोल मोटारीपेक्षा जास्त, पण तो चाळीस प्रवाशांत वाटला की कुणाला जाणवतही नाही. पनवेलकरांना हे हिशेब समजावून सांगायची गरज नाही. ब्लॉकचेन स्वस्त करण्याची जी ‘रोलअप’ नावाची युक्ती आहे, तिचा अर्धा भाग एवढाच आहे. उरलेला अर्धा भाग अवघड आहे आणि खरी गंमत तिथेच आहे.

‘इथेरियम’ ही मोठी ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. तिच्यात दर बारा सेकंदांनी एक नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडलं जातं. पानावर जागा मर्यादित, म्हणून प्रत्येक नोंदीला शुल्क. ते मोजायच्या एककाला ‘गॅस’ म्हणतात (सिलिंडरमधला नव्हे). अगदी साध्या व्यवहाराला २१ हजार गॅस लागतो आणि गॅसचा भाव गर्दीप्रमाणे वरखाली होतो.

आता आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. अशा पद्धतीत दाखला जसाच्या तसा साखळीवर ठेवत नाहीत, त्याचा ३२ बाइटचा गणिती ठसा ठेवतात. दाखल्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार बदलतो, त्यामुळे बनावट कागद लगेच उघडा पडतो.

समजा, हे सगळे ठसे थेट इथेरियमवर एकेक करून नोंदवायचे ठरवले असते. इथर या चलनाचा भाव दोन लाख रुपये आणि एका गॅसचा दर इथरचा पाच कोटीवा भाग धरला, तर एका नोंदीला किमान ८४ रुपये. ६५ हजार दाखल्यांचे झाले साडेचोपन्न लाख. म्हणजे प्रत्येक प्रवासी वेगळी मोटार घेऊन टोलवर उभा.

याहून कितीतरी स्वस्त मार्ग आहे. दोन-दोन ठशांची जोडी करून त्यांचा एक ठसा काढायचा, पुन्हा जोड्या, पुन्हा ठसा. सोळा पायऱ्यांत ६५ हजारांचा एकच ठसा उरतो. तेवढाच मुख्य साखळीवर नोंदवला की काम ८४ रुपयांत! आपला दाखला त्या यादीत होता, हे सिद्ध करायला वाटेतले फक्त सोळा ठसे दाखवावे लागतात.

मग अडलं कुठे? ते सोळा ठसे तुमच्याजवळ नसतील तर ते द्यायचे कोणी, या प्रश्नावर. यादी ज्याच्याकडे आहे त्याने ‘सर्व्हर बंद आहे’ म्हटलं की संपलं. साखळीवर एक ठसा दिमाखात उभा आहे, पण त्यावरून तुमचं काहीच सिद्ध होत नाही. दाखल्यांच्या जागी लोकांचे पैसे असतील तर आणखी पंचाईत, कारण कुणाच्या खात्यात किती उरले हेच कुणाला कळणार नाही.

रोलअपचं वेगळेपण इथे आहे. तो व्यवहार बाहेर, आपल्या वेगळ्या यंत्रणेत, झपाट्याने चालवतो. पण प्रत्येक व्यवहाराची संक्षिप्त नोंद आणि शेवटचा एकत्रित ठसा हे दोन्ही मुख्य साखळीवर आणून टाकतो. चालक उद्या पळून गेला तरी त्या नोंदींवरून कुणीही सगळी खातेवही पुन्हा उभी करू शकतो. मुख्य साखळीचा आधार म्हणतात तो हा.

१३ मार्च २०२४ रोजी इथेरियमने अशा नोंदींसाठी स्वतंत्र स्वस्त जागा सुरू केली. तिला ‘ब्लॉब’ म्हणतात, आपण पेटी म्हणू. एक पेटी १२८ किलोबाइटची. पैसे पाठवण्याचा व्यवहार आवळून बारा-एक बाइटांत बसवता येतो, म्हणजे एका पेटीत दहा हजारांवर व्यवहार मावतात. ठसे मात्र आवळता येत नाहीत, ३२ बाइट म्हणजे ३२ बाइट. एटापल्लीच्या दाखल्यांना सतरा पेट्या लागल्या असत्या. तेव्हा एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त सहा पेट्या बसत, म्हणजे तीन ब्लॉक. पेट्यांचा भावही बदलता असतो, पण गर्दी नसेल तर खर्च दाखल्यामागे काही पैशांवर येतो.

चालकाने पेटीत खोटा हिशेब भरला तर? त्यावर दोन उपाय आहेत. एका पद्धतीत हिशेबाबरोबर तो बरोबर असल्याचा गणिती पुरावा द्यावा लागतो, आणि मुख्य साखळी तो तपासल्याशिवाय ठसा स्वीकारतच नाही. दुसरीत हिशेब आधी खरा मानतात आणि साधारण सात दिवस हरकतीला देतात. कुणी हरकत घेतलीच, तर वाद अर्धा-अर्धा करत एकाच पायरीपर्यंत आणतात आणि तेवढी पायरी मुख्य साखळी स्वतः करून पाहते. या पद्धतीत पैसे मुख्य साखळीवर परत आणायला आठवडाभर थांबावं लागतं, ते यामुळे.

कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात असतेच असं नाही. ‘ऑप्टिमिझम’ या नामांकित रोलअपवर कुणालाही हरकत घेण्याची सोय जून २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी लोकांचे पैसे तिथे होते, पण हरकतीची खिडकी बंद होती.

एटापल्लीचे दाखले ज्या ‘पॉलिगॉन’ साखळीसाठी होते, तिची सुरुवात भारतीय तरुणांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने केली. तिलाही सर्रास ‘लेयर टू’ म्हणतात, पण तिची ती साखळी रोलअप नव्हे. ती ठराविक वेळाने इथेरियमवर फक्त एकत्रित ठसा ठेवते. सगळ्या नोंदी तिच्या स्वतःच्या पडताळणीदारांकडे राहतात, त्यामुळे विश्वासही मुख्यतः त्यांच्यावरच ठेवावा लागतो. दाखल्यांपुरतं ते चालण्यासारखं आहे, कारण मूळ विश्वास शेवटी दाखला देणाऱ्या सरकारी कार्यालयावर असतो. कुणाची आयुष्यभराची पुंजी ठेवायची असेल, तर हा फरक लहान नाही.

रोलअपलाही मर्यादा आहेत. पेट्या कायमच्या राहत नाहीत, सुमारे अठरा दिवसांनी इथेरियमचे संगणक त्या पुसून टाकतात. हरकत घ्यायला तेवढा काळ पुरतो. जातीचा दाखला मात्र मुलांच्या प्रवेशापर्यंत आणि पुढे नातवंडांपर्यंत लागतो. त्यासाठी यादीची प्रत कुणीतरी वेगळी जपायला हवी, किंवा ते सोळा ठसे दाखल्याबरोबरच कुटुंबाच्या हाती द्यायला हवेत.

दुसरी मर्यादा बसचालकाची. बहुतेक रोलअपमध्ये व्यवहार गोळा करणारी यंत्रणा एकच असते. १५ डिसेंबर २०२३ रोजी ‘आर्बिट्रम’ची ही यंत्रणा गर्दीने तासाभराहून जास्त वेळ ठप्प झाली होती. पैसे गेले नाहीत, पण नवे व्यवहार अडकले. अशा वेळी आपला व्यवहार थेट मुख्य साखळीवर टाकून तो घ्यायला भाग पाडण्याची तरतूद तिथे आहे, मात्र त्यासाठी साधारण एक दिवस थांबावं लागतं आणि पूर्ण मोटारीचा टोल भरावा लागतो.

‘एलटूबीट’ या संकेतस्थळावर प्रत्येक रोलअपचं प्रगतिपुस्तक असतं. नोंदी कुठे ठेवल्या जातात, हरकत कोण घेऊ शकतं, चालक गायब झाला तर पैसे बाहेर कसे काढायचे, हे तिथे वेगवेगळं लिहिलेलं सापडतं. कुणी ‘आमची साखळी इथेरियमइतकीच सुरक्षित’ म्हणू लागला, तर आधी पहिल्या रकान्यात डोकवावं.