पाच बिंदू, दोन गट, तीन फेऱ्या

डेटा मायनिंगच्या पेपरात के-मीन्सचे गणित आले की मुले खूश होतात. सूत्रे पाठ करायची नाहीत, सिद्धता नाही. वजाबाकी, वर्ग आणि सरासरी एवढे आले की झाले. तरीही या गणितात गुण जातात, आणि ते बहुधा शेवटच्या पायरीवर जातात.

प्रश्न असा समजू. अ(१, १), ब(३, २), क(२, ३), ड(७, ६) आणि इ(८, ९) हे पाच बिंदू आहेत. त्यांचे दोन गट करा. सुरुवातीचे मध्य अ आणि ब घ्या. हे पाच बिंदू आलेख कागदावर मांडले तर अ, ब, क एकीकडे आणि ड, इ दुसरीकडे हे लहान मूलही सांगेल. पण रीतीला डोळे नसतात. तिला फक्त अंतर कळते, आणि इथे तर दोन्ही मध्य एकाच घोळक्यातले दिले आहेत.

पहिली फेरी. प्रत्येक बिंदूचे दोन्ही मध्यांपासूनचे अंतर काढायचे. वर्गमूळ काढत बसू नये. कोणता मध्य जवळचा एवढेच ठरवायचे असल्याने अंतराचा वर्ग पुरतो. क पासून अ पर्यंत १ + ४ = ५, ब पर्यंत १ + १ = २; म्हणून क गेला ब कडे. ड साठी हेच आकडे ६१ आणि ३२, इ साठी ११३ आणि ७४. तेही ब कडेच. म्हणजे पहिल्या गटात अ एकटा आणि दुसऱ्यात उरलेले चौघे. आता नवे मध्य काढू. पहिला (१, १) वरच राहतो. दुसऱ्यासाठी ३, २, ७, ८ यांची सरासरी ५ आणि २, ३, ६, ९ यांचीही ५, म्हणून (५, ५).

हा (५, ५) कुठल्याच बिंदूवर बसत नाही, याने काही जण गोंधळतात. मध्य हा दिलेल्या बिंदूंपैकीच असायला हवा, असे बंधन नाही.

दुसरी फेरी. दुसरा मध्य वर सरकल्याने ब ला तो दूर पडला: पहिल्यापासून ५, दुसऱ्यापासून १३. क चेही तंतोतंत तेच आकडे. दोघेही पहिल्या गटात परततात. ड ला ६१ विरुद्ध ५, इ ला ११३ विरुद्ध २५, ते जागेवरच. नवे मध्य (२, २) आणि (७.५, ७.५).

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात, कारण उत्तर दिसू लागलेले असते. पण मध्य नुकतेच हलले आहेत; त्यामुळे कोणी गट बदलतो का, हे पाहिल्याशिवाय थांबता येत नाही. तिसऱ्या फेरीत अ, ब, क यांची आपापल्या मध्यापासूनची अंतरे (वर्गातच) २, १, १ आणि ड, इ यांची २.५, २.५ येतात. दुसरा मध्य प्रत्येकाला यापेक्षा कितीतरी दूर आहे. कोणीही हलले नाही, म्हणजे मध्यही हलणार नाहीत. आता थांबायचे, आणि हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायचेही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे क ची वाटणी झाल्या झाल्या मध्य बदलून मग ड कडे वळणे. गंमत अशी की १९६७ मध्ये ज्यांच्या निबंधातून ‘के-मीन्स’ हे नाव रूढ झाले, त्या जेम्स मॅक्वीन यांची पद्धत जवळपास अशीच होती. परीक्षेत अपेक्षित असते ती मात्र स्टुअर्ट लॉइड यांची रीत: आधी सगळ्यांची वाटणी, मग एकदाच सरासरी. लॉइड यांनी ती बेल लॅब्जमध्ये १९५७ मध्ये मांडली होती, छापून आली १९८२ मध्ये.

आपले गणित चुकले का, हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक टप्प्यावर सगळ्या बिंदूंच्या आपापल्या मध्यापासूनच्या वर्ग-अंतरांची बेरीज करा. आपल्या उदाहरणात पहिल्या वाटणीनंतर ती १०८ येते, मध्य सरकवल्यावर ५६, दुसऱ्या वाटणीनंतर ४०, पुन्हा मध्य सरकवल्यावर ९. वाटणी करताना आपण जवळचाच मध्य निवडतो आणि सरासरीपासूनच वर्गांची बेरीज सर्वांत कमी असते, म्हणून हा आकडा कधीच वाढत नाही. वाढला तर मागे कुठेतरी वजाबाकी चुकली आहे.

आकडा घटतो याचा अर्थ तो सर्वांत लहान होईलच, असा मात्र नाही. (१, १), (१, ३), (५, १), (५, ३) हे आयताचे चार कोपरे घ्या. डाव्या बाजूचे दोन कोपरे मध्य मानून सुरुवात केली तर खालचे दोघे एका गटात आणि वरचे दोघे दुसऱ्यात जातात. मध्य (३, १) आणि (३, ३) येतात, आणि पुढच्या फेरीत कोणीच हलत नाही. बेरीज १६. खालचे दोन कोपरे घेऊन सुरुवात केली तर डावी जोडी आणि उजवी जोडी असे गट पडतात, आणि बेरीज अवघी ४. दोन्ही उत्तरपत्रिकांत एकही पायरी चुकलेली नाही. म्हणून प्रश्नात सुरुवातीचे मध्य दिलेले नसतील, तर आपण कोणते घेतले हे पहिल्याच ओळीत लिहावे. तपासणाऱ्याच्या हातातले नमुना उत्तर वेगळ्या मध्यांवरून काढलेले असू शकते.