कोन तोच, तर गुणोत्तरही तेच

कोऱ्या कागदावर पट्टीने एक आडवी रेघ ओढा. तिच्या डाव्या टोकाशी कोनमापकाने ३५ अंशांचा कोन आखा आणि त्याची तिरकी रेघ चांगली लांब काढा. मग आडव्या रेघेवर टोकापासून ५ सेंटिमीटरवर खूण करा, गुण्या लावा आणि तिरक्या रेघेला भिडेपर्यंत सरळ वर लंब काढा. झाला काटकोन त्रिकोण. लंब मोजला तर साधारण ३.५ सेंटिमीटर भरेल, तिरकी बाजू ६.१. आता त्याच आडव्या रेघेवर १० सेंटिमीटरवर दुसरा लंब काढा. तो ७ भरेल आणि तिरकी बाजू १२.२.

दोन्ही त्रिकोणांत लंबाला आडव्या बाजूने भागा. ३.५ भागिले ५ म्हणजे ०.७, आणि ७ भागिले १० म्हणजेही ०.७. लंबाला तिरक्या बाजूने भागलं तर दोन्हीकडे ०.५७ येतात. आडव्या बाजूला तिरक्या बाजूने भागलं तर दोन्हीकडे ०.८२. कागदाऐवजी अंगणात दोरी लावून वीस मीटरचा त्रिकोण आखला, तरी कोन ३५ अंशांचा असेपर्यंत हेच तीन आकडे येणार. एक कोन काटकोन आणि दुसरा ३५ अंश म्हटला की तिसरा ५५ अंशच उरतो, त्यामुळे असे सगळे त्रिकोण समरूप असतात. एक बाजू दुप्पट झाली की उरलेल्या दोन्हीही दुप्पट होतात, आणि भागाकार जिथल्या तिथे राहतो.

साइन, कोसाइन आणि टॅन्जंट ही या तीन भागाकारांचीच नावं आहेत. काटकोनासमोरची तिरकी बाजू म्हणजे कर्ण, ती सर्वांत लांब. आपण ज्या कोनाबद्दल बोलतोय त्याच्या समोर असते ती संमुख बाजू, आणि त्याला चिकटून असलेली, पण कर्ण नसलेली, ती लगतची बाजू. संमुख भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, संमुख भागिले लगतची म्हणजे टॅन्जंट. वर्गात याला टॅनच म्हणतात. म्हणजे साइन ३५ हा एक साधा आकडा आहे: ०.५७. मात्र कोनाशिवाय नुसत्या ‘साइन’ला काही अर्थ नाही.

नवख्याचा गोंधळ बहुतेक वेळा बाजूंच्या नावांत होतो. ‘उभी ती संमुख, आडवी ती लगतची’ असं पाठ केलं की पुस्तकातली पहिली आकृती सुटते आणि दुसरी, फिरवून छापलेली, अडते. बाजूचं नाव आकृतीवर ठरत नाही, कोनावर ठरतं. आपल्याच कागदावर वरच्या, ५५ अंशांच्या कोनाशी जाऊन पाहा. तिथून पाहिलं तर आडवी रेघ संमुख होते आणि लंब लगतची. म्हणून साइन ५५ काढताना १० भागिले १२.२ करावं लागतं, आणि उत्तर येतं ०.८२. हाच तर ३५ चा कोसाइन होता! भागाकार उलटा झाला तर तेही लगेच कळतं. कर्ण सर्वांत लांब असल्यामुळे साइन आणि कोसाइन एकापेक्षा मोठे होऊच शकत नाहीत. १.७४ असा साइन आला, तर कर्ण खाली जायच्या ऐवजी वर गेला आहे. टॅनला हे बंधन नाही. तो ४५ अंशांना बरोबर १ असतो आणि त्यापुढे वाढतच जातो.

आता हाच ०.७ घेऊन कागदाबाहेर पडू. परसात एक सरळ वाढलेली पोफळ आहे आणि वर न चढता तिची उंची काढायची आहे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाला एक नट अडकवा, ओळंबा तयार झाला. बुंध्यापासून सपाट जमिनीवर १२ मीटर मोजून उभे राहा. कोनमापकाची सरळ कड डोळ्याशी धरून तिच्या रेषेत शेंडा पकडा आणि दोरा कुठे स्थिरावतो ते सोबत्याला वाचायला सांगा. समजा, तो ५५ वर आला. नजर अगदी आडवी असताना दोरा ९० वर असतो, म्हणून नजर जितकी वर गेली तो कोन म्हणजे ९० वजा ५५, अर्थात ३५ अंश.

डोळा, शेंडा आणि डोळ्याच्या पातळीवरचा खोडावरचा बिंदू असा काटकोन त्रिकोण इथे आहे. लगतची बाजू १२ मीटर माहीत आहे, संमुख हवी आहे आणि कर्णाशी आपलं काही देणंघेणं नाही. म्हणून टॅन. १२ गुणिले ०.७ म्हणजे ८.४ मीटर. त्यात जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे दीड मीटर मिळवा. पोफळ ९.९ मीटर उंच.

हे दीड मीटर विसरण्याची चूक फार होते. त्याहून मोठी चूक म्हणजे दोऱ्याखालचा ५५ तसाच वापरणं. तेव्हा उंची १८ मीटरच्या पुढे जाते. ती पकडायला कॅल्क्युलेटर लागत नाही. ४५ अंशांना टॅन १ असल्यामुळे नजर त्याहून कमी वर करावी लागली, तर डोळ्याच्या वरची उंची अंतरापेक्षा कमीच असली पाहिजे.

घरगुती कोनमापकात एका अंशाची चूक सहज होते. १२ मीटरवरून तिने उंचीत सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. पण बुंध्यापासून दोनच मीटरवर उभे राहिलात, तर तीच एका अंशाची चूक ६५ ते ७० सेंटिमीटरची होते, कारण कोन ९० च्या जवळ जाऊ लागला की टॅन झपाट्याने वाढतो. ८० अंशांचा टॅन ५.६७ आहे, ८१ चा ६.३१, आणि ९० ला तो उरतच नाही. तेव्हा झाडाच्या उंचीइतकं मागे सरकून मोजावं हे बरं. किनाऱ्यावरचा माड कललेला असेल, तर अंतर बुंध्यापासून नव्हे, शेंड्याच्या बरोबर खालच्या जागेपासून धरावं लागतं. नाहीतर काटकोनच राहत नाही, आणि काटकोन नाही तर आपले तिन्ही भागाकार लागू नाहीत.

शिडीचं गणित वेगळं. ५ मीटरची शिडी जमिनीशी ७५ अंशांचा कोन करून भिंतीला टेकवली आहे. इथे माहीत आहे तो कर्ण, म्हणून साइन आणि कोसाइन कामाला येतात. साइन ७५ म्हणजे ०.९७, तेव्हा शिडीचं टोक भिंतीवर सुमारे ४.८ मीटरवर पोचतं. कोसाइन ७५ म्हणजे ०.२६, तेव्हा पाय भिंतीपासून १.३ मीटरवर येतात. कोणती बाजू हातात आहे आणि कोणती हवी आहे, एवढं पाहिलं की तिन्हीपैकी कोणतं गुणोत्तर घ्यायचं ते आपोआप ठरतं.

हे आकडे कॅल्क्युलेटरच्या फार आधीपासून कोष्टकांत मिळत आले आहेत. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ लिहिलं, त्यात पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी ९० अंशांपर्यंतची चोवीस अंतरं दिली आहेत. कर्ण ३४३८ धरला तर संमुख बाजू दर टप्प्याला कितीने वाढते, ते त्यांत आहे. पहिली आठ अंतरं २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि १९९. आठ टप्पे म्हणजे ३० अंश. या आठांची बेरीज करा: १७१९ येते, ३४३८ च्या बरोबर निम्मी. म्हणजे साइन ३० हा ०.५. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही हाच आकडा यायला हवा. तो -०.९८८ दाखवत असेल, तर कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजला जातोय. `RAD` बदलून `DEG` करा आणि मगच पोफळीकडे वळा.