सादळलेली कॉफी आणि ग्राइंडरचा आकडा

पुण्यातल्या एखाद्या कॅफेत मे महिन्यात २८ सेकंदांत उतरणारा एस्प्रेसो पहिला पाऊस पडून गेला की रेंगाळायला लागतो. कॉफी तीच, यंत्र तेच आणि ग्राइंडरचा आकडाही कालचाच, तरी कपात यायला ३५-३६ सेकंद लागतात आणि घोट कडवट लागतो. कारण हवेत असतं.

एस्प्रेसोचं प्रचलित गणित असं: १८ ग्रॅम दळलेल्या कॉफीतून साधारण नऊ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय मिळवायचं. पाण्याचा वेग ठरतो तो कॉफीच्या थरातल्या फटींवर. दळण बारीक असेल तर फटी लहान होतात आणि शॉट लांबतो. जाडसर असेल तर पाणी भरकन निघून जातं आणि पेय पातळ, आंबट होतं.

भाजलेल्या बीमध्ये पाणी जेमतेम उरलेलं असतं, त्यामुळे ती उघड्यावरच्या पापडासारखी सादळते. शिवाय कोरड्या बिया दळताना घर्षणाने स्थिर वीज तयार होते, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्यांच्यामधून पाण्याला पळवाटा मिळतात. ओलावा ही वीज कमी करतो. ओरेगॉन विद्यापीठातले क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं, की दळण्याआधी बियांना थोडंसं पाणी लावलं तर गुठळ्या कमी होतात आणि शॉट जास्त वेळ घेतो. त्या प्रयोगात पाणी मुद्दाम घातलं होतं. पावसाळी हवा तेच काम थोड्या प्रमाणात, न विचारता करते.

मुंबईची हवा बाराही महिने कमी-अधिक दमट असते. पुण्यात मात्र एप्रिलच्या दुपारी २० टक्क्यांच्या आसपास उतरणारी आर्द्रता जुलैत ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे ऋतू बदलल्याचा हिशेब पुण्याच्या ग्राइंडरला जास्त द्यावा लागतो.

समजा, जूनमधल्या सकाळी पहिला शॉट ३६ सेकंदांचा निघाला. लगेच ग्राइंडर फिरवायचा नाही, आधी कॉफीचं वजन करायचं. बरेच ग्राइंडर ठरावीक सेकंद चालून कॉफी टाकतात आणि दमट हवेत दळण तोंडाशी अडकून वजन खाली-वर होतं. काट्यावर १९ ग्रॅम दिसले, तर उशिराचं निम्मं कारण तिथेच सापडलं. वजन बरोबर १८ भरलं, तर दळण थोडं जाड करायचं. आत जुन्या मापाचं दळण उरलेलं असतं, म्हणून दोनेक शॉटची कॉफी दळून टाकून द्यायची. मग पुढचा शॉट घ्यायचा. तो ३१ सेकंदांवर आला, तर आणखी किंचित जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आकडा आणि वजन दोन्ही हलवले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. जाड दळणाला तेवढ्याच सेकंदांत जास्त कॉफी पडते, म्हणून आकडा बदलला की पुन्हा वजन आलंच.

दुपारी एसी चालू झाला, खोली कोरडी पडली, की तोच शॉट २३ सेकंदांत धावू शकतो. तेव्हा सकाळी केलेला बदल थोडा मागे घ्यावा लागतो.

‘पावसाळा म्हणजे जाड दळण’ हा नियम मात्र अर्धाच खरा आहे. दमट हवेत कॉफी लवकर शिळीही होते. भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पाण्याला होणारा अडथळा घटतो आणि शॉट वेगाने उतरतो. म्हणजे ओलावा वेळ वाढवतो, तर शिळेपणा ती कमी करतो. हॉपरमध्ये दोन दिवस पडून राहिलेल्या बिया म्हणूनच गोंधळात टाकतात: शॉट वेळेत येतो, पण वरचा फेस विरळ असतो आणि चव बोथट. शंका आली तर त्याच दिवशी भाजलेल्या कॉफीची बंद पिशवी फोडून एक शॉट काढावा. तो नीट आला, तर दोष हॉपरमधल्या बियांचा. तोही रेंगाळला, तर आकडा बदलायला हरकत नाही.

म्हणून पावसाळ्यात हॉपर काठोकाठ भरू नये. तास-दोन तास पुरतील एवढ्याच बिया घालाव्यात आणि रात्री उरलेल्या हवाबंद डब्यात काढाव्यात. थंड डबा फ्रिजमधून काढून लगेच उघडला तर बियांवर पाणी धरतं, तेही टाळावं. दळण आधी करून ठेवू नये.

पाऊस सरला की आकडा हळूहळू बारीककडे येतो. थंडीत दळण उडून भांड्याला चिकटायला लागलं, तर एका शॉटच्या बियांवर पाण्याचा एखादा थेंब लावून दळण्याची युक्ती घरच्या ग्राइंडरवर चालते. मेचा आकडा ऑक्टोबरमध्ये जसाच्या तसा लावून मात्र चालत नाही, कारण तोवर बियांचा लॉट आणि भाजणी बदललेली असते, ग्राइंडरची पातीही झिजलेली असतात. भिंतीवर एक आर्द्रतामापक लावून रोजची आर्द्रता, आकडा, वजन आणि सेकंद वहीत लिहिले, तर पुढच्या जूनमध्ये निदान कुठल्या बाजूला आणि साधारण किती फिरवायचं हे तरी हाताशी राहतं. शेवटचा निर्णय जिभेचा: शॉट ३३ सेकंदांचा असूनही गोड लागत असेल, तर ग्राइंडरला हात लावू नये.