दाखला खरा, फाइल बदललेली

‘उत्पन्नाचा दाखला अवैध. कृपया पुन्हा अपलोड करा.’ शिष्यवृत्तीच्या अर्जावर एवढंच उत्तर आलं की बहुतेक विद्यार्थी तीच फाइल पुन्हा अपलोड करतात. दाखला तहसील कार्यालयातून रीतसर काढलेला असतो, नाव बरोबर असतं, वर्ष बरोबर असतं. मग अवैध काय आहे? ‘अवैध’ म्हणजे आपल्या घरच्या उत्पन्नावरच कुणी शंका घेतली, असंही काहींना वाटतं आणि वडील कामावर खाडा करून पुन्हा तहसीलला जातात. खरं तर दाखल्यात काहीच चूक नसते. तो घरातून निघून कार्यालयापर्यंत पोचेपर्यंत वाटेत फाइल बदललेली असते, आणि हे अर्जदाराला कुणी सांगितलेलं नसतं.

अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाने अशा वेळी पाठवायचा ईमेल कसा असावा, हे एका उदाहरणावरून पाहू. बारावी झालेली एक विद्यार्थिनी आहे. तिने ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळालेला उत्पन्नाचा दाखला डाउनलोड केला, फाइल ६२० केबीची निघाली. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या अर्जात मर्यादा होती ५०० केबीची. तिने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये फाइल टाकून ती ‘लहान’ करून घेतली. १४० केबीची फाइल अर्जाने लगेच स्वीकारली. आठवड्याने छाननीत ती नाकारली गेली.

छाननी करणाऱ्याला काय दिसलं असेल? फाइल उघडली तर डोळ्यांना सगळं जागच्या जागी दिसतं: राजमुद्रा, मजकूर, बारकोड, खाली उजवीकडे सहीचा चौकोन आणि त्यात अधिकाऱ्याचं नाव व तारीख. पण ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीची माहिती दाखवणारा भाग उघडला तर तिथे एकही सही नाही. चौकोन आता नुसतं चित्र उरला आहे. मग Ctrl+D दाबून फाइलची माहिती उघडली तर PDF Producer या ओळीत त्या ॲपचं नाव येतं आणि फाइल तयार झाल्याची तारीख दाखल्याच्या तारखेनंतरची दिसते. ही ओळ फार बोलकी असते. क्रोममधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ केली असेल तर तिथे Skia/PDF असं येतं, विंडोजच्या प्रिंटमधून केली असेल तर Microsoft: Print To PDF. फाइल शेवटी कुणाच्या हातून गेली, हे इथे कळतं.

सही कुठे गेली, हे समजायला ती असते कशी ते बघायला हवं. दाखल्याची फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची एक लांबलचक माळ असते. अधिकारी आपली डीएससी लावून सही करतो तेव्हा संगणक त्या सगळ्या आकड्यांवर गणित करून एक छोटा ठसा काढतो. अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने तो ठसा बांधला जातो आणि फाइलमध्येच ठेवला जातो. नंतर कुणीही फाइल तपासली की संगणक तेच गणित पुन्हा करतो आणि दोन्ही ठसे जुळतात का ते पाहतो. मूळ फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी ठसे जुळत नाहीत. फाइल लहान करणारं ॲप तर एकही आकडा जागेवर ठेवत नाही. ते नवीच फाइल बनवतं, आणि त्या नव्या फाइलवर कुणीच सही केलेली नसते. लाखेची मोहोर असलेल्या पत्राची झेरॉक्स काढली तर मोहोर दिसते, पण लाख हाताला लागत नाही, तसंच हे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. अनेक दाखल्यांवर सहीच्या चौकोनात पिवळं प्रश्नचिन्ह आणि Signature Not Verified असे शब्द दिसतात. फाइल त्यामुळेच नाकारली, असं अर्जदाराला वाटतं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच असतो की उघडणारं सॉफ्टवेअर सही देणाऱ्या भारतीय प्रमाणन व्यवस्थेला अजून ओळखत नाही. मोबाइलमधली बरीच ॲपं तर सही तपासतच नाहीत, चौकोन जसा आहे तसा दाखवतात. प्रश्नचिन्ह असलेली मूळ फाइल पूर्ण चांगली असते. उलट एखाद्याने ते चिन्ह खोडण्यासाठी फाइलवर काही केलं, तर मात्र ती कामातून जाते.

आता ईमेल. माझ्या मते तो असा असावा:

विषय: शिष्यवृत्ती अर्ज: उत्पन्नाच्या दाखल्याची फाइल पुन्हा पाठवावी (मुदत ७ दिवस)

नमस्कार,

तुमच्या अर्जातला उत्पन्नाचा दाखला आम्हाला स्वीकारता आला नाही. दाखल्यातल्या मजकुराबद्दल आमची कोणतीही हरकत नाही. नवा दाखला काढायची गरज नाही.

अडचण फाइलमध्ये आहे. तुम्ही पाठवलेली फाइल १४० केबीची असून ती आकार कमी करणाऱ्या ॲपमधून तयार झालेली दिसते. त्यामुळे अधिकाऱ्याची डिजिटल सही फाइलमधून निघून गेली आहे. दाखल्यावर सहीचा चौकोन दिसत असला तरी तो आता फक्त चित्र आहे.

कृपया असं करा. जिथून दाखला मिळाला त्या पोर्टलवर तुमच्या लॉगिनमधून तो पुन्हा डाउनलोड करा. फाइल लहान करू नका, प्रिंट करून पुन्हा पीडीएफ बनवू नका, तिचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घेऊ नका. डाउनलोड झालेली फाइल तशीच अर्जात अपलोड करा. मूळ फाइल ५०० केबीपेक्षा मोठी असते हे आमच्या लक्षात आलं आहे, म्हणून दाखल्यासाठीची मर्यादा २ एमबी केली आहे. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर काळजी करू नका.

दाखला सेवा केंद्रातून काढला असेल तर केंद्रचालकाकडून मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नको.

अर्जातली बाकीची कागदपत्रं तपासून झाली आहेत आणि ती बरोबर आहेत. या एका फाइलसाठी तुम्हाला आजपासून ७ दिवस आहेत. तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही विचारत नाही.

या ईमेलमधली पहिली गरजेची गोष्ट म्हणजे दाखला आणि फाइल वेगळी करून सांगणं. ‘नवा दाखला काढायची गरज नाही’ या वाक्याने एका माणसाची तहसीलची फेरी आणि एका दिवसाची मजुरी वाचते. त्यानंतर कारण, आणि तेही त्याच फाइलमधल्या पुराव्यासकट. १४० केबी हा आकडा वाचताच विद्यार्थिनीला आठवतं की आपण त्या ॲपमध्ये फाइल टाकली होती. कारण तिच्या स्वतःच्या कृतीशी जोडलं गेलं की दुरुस्ती तिची तिला सुचते. ‘फाइल योग्य स्वरूपात नाही’ असं लिहिलं असतं तर तिने कदाचित आणखी एखादं ॲप शोधलं असतं.

‘बाकीची कागदपत्रं बरोबर आहेत’ हे वाक्य लिहायचं तर छाननी करणाऱ्याला पूर्ण अर्ज एका बैठकीत पाहावा लागतो. पहिली चूक दिसताच अर्ज परत पाठवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मग एक दुरुस्त केल्यावर दुसरी निघते, दुसरी केल्यावर तिसरी, आणि तोवर मुदत संपते. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. कार्यालयाची दहा मिनिटं वाचतात आणि अर्जदाराचं वर्ष जातं.

सही नसणं हे नाकारण्याच्या कारणांपैकी एक. दुसरं वारंवार येणारं कारण म्हणजे पासवर्ड. ई-आधारची फाइल पासवर्डशिवाय उघडत नाही. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष असा तो पासवर्ड असतो, म्हणजे SURESH आणि १९९० असेल तर SURE1990. छाननी करणाऱ्याला तो माहीत नसतो, म्हणून फाइल परत येते. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय असा: फाइल पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट द्या आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा. उपाय चालतो, पण आधारच्या फाइलवरचीही डिजिटल सही त्यात जाते. कार्यालयाला आधारची फक्त प्रत हवी असेल तर हरकत नाही. तीच युक्ती उत्पन्नाच्या दाखल्यावर वापरली की वरचा सगळा प्रकार घडतो. म्हणून कोणत्या कागदाला सहीसकट मूळ फाइल हवी आणि कोणत्याला साधी प्रत चालेल, हे अर्जातच त्या त्या रकान्याशेजारी लिहिलेलं हवं.

तिसरं कारण छोटं आहे, ओळखायला सोपं आहे. दाखल्याचा फोटो काढायचा आणि त्याच्या नावातलं .jpg खोडून .pdf लिहायचं. नाव बदललं तरी आतलं बदलत नाही. खऱ्या पीडीएफची सुरुवात %PDF- या अक्षरांनी होते, ती नसली की संगणक फाइल परत करतो. अशा अर्जदाराला लिहिताना ‘हा फोटो आहे, नाव पीडीएफचं दिलं आहे’ असं सरळ सांगावं.

कागदी मार्कशीटसारख्या ज्या कागदावर डिजिटल सही नसतेच, तिथे स्कॅन करण्यावाचून मार्ग नाही आणि तिथे आकार कमी करणंही योग्यच आहे. ए-४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. रंगीत स्कॅन केलं की फाइल सहज मोठी होते. तेच पान २०० डीपीआयने आणि राखाडी छटांत स्कॅन केलं तर ठिपके निम्म्याहून कमी होतात आणि अक्षर वाचता येतं. त्याहून खाली ओढलं तर ३ आणि ८ सारखे दिसू लागतात, आसनक्रमांक चुकतो. पाठवण्याआधी मोबाइलवर पान मोठं करून सर्वांत बारीक अंक वाचून पाहावा. तो वाचता आला तर छाननीतही वाचता येईल.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मात्र ६२० केबीची फाइल देणारी एक यंत्रणा होती, ५०० केबीच घेणारी दुसरी, आणि मधल्या १२० केबींसाठी तिला ॲप शोधावं लागलं. सहीसकट मूळ फाइल मागायची आणि ती बसणार नाही एवढी मर्यादा ठेवायची, या दोन अटी एकत्र पाळताच येत नाहीत. अशा वेळी छाननी करणाऱ्याने ईमेल लिहिण्याआधी पोर्टलवरून आलेले चार-पाच मूळ दाखले घेऊन त्यांचे आकार पाहावेत आणि मर्यादा वाढवून घ्यावी. दाखल्यावरच्या बारकोड क्रमांकावरून तो ‘आपले सरकार’वर पडताळून पाहण्याची सोयही आहे. तिथे दाखला खरा निघाला, तर मुदत संपत आलेल्या अर्जाला निदान तात्पुरती मान्यता देता येते आणि मूळ फाइल मागाहून घेता येते.