एक जूनची माणसे

जव्हारहून वावरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका पाड्यावर माझे एक स्नेही राहतात. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. २०१९ साली त्यांनी घरासाठी कर्ज काढले. त्याचा हप्ता दर महिन्याला पगाराच्या खात्यातून परस्पर वळता होतो आणि आजवर तो एकदाही चुकलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला ते बँकेत गेले, तेव्हा अधिकाऱ्याने संगणकाकडे पाहून विचारले, "गुरुजी, हप्ते थकलेत का कुठे?" त्यांचा क्रेडिट स्कोअर ६६१ झाला होता. फेब्रुवारीत तो ७७४ होता. सात महिन्यांत ११३ गुण गेले, आणि कशामुळे गेले हे बँकेत कोणी सांगू शकले नाही.

त्या ११३ गुणांचा माग आम्ही दोघांनी मिळून काढला. माणसांची नावे देत नाही, पण क्रम घडला तसाच देतो.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. आपल्याला कर्ज देणारी बँक किंवा वित्तकंपनी ठरावीक मुदतीने या चौघींना आपल्या खात्याची स्थिती कळवते. पूर्वी हे महिन्यातून एकदा होई, २०२५ च्या जानेवारीपासून ते पंधरवड्याने होऊ लागले. कंपनी त्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली गोळा करते आणि त्यांवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढते. थोडक्यात, हा आकडा माणसाचा नसतो, त्याच्या नावाने बांधलेल्या फायलीचा असतो. आमचा सगळा शोध शेवटी या एका फरकावर येऊन थांबला.

हप्ता न चुकवताही आकडा उतरू शकतो. क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले, तरी बिल निघण्याच्या दिवशी मर्यादेचा मोठा भाग वापरलेला असेल, तर कंपनीकडे तीच रक्कम जाते आणि गुण कमी होतात. पुढच्या महिन्यात वापर घटला की ते बरेचसे परत येतात. थोड्या दिवसांत चार ठिकाणी कर्ज मागितले तर त्या चौकशांचीही नोंद होते. तिसरे कारण आपल्या समाजात नेहमीचे आहे, ते म्हणजे जामीनकी. सहकाऱ्याच्या बँककर्जाला आपण जामीन असलो, तर ते खाते आपल्याही अहवालात दिसते आणि त्याची थकबाकी आपल्यालाही बोचते.

गुरुजींकडे कार्ड नव्हते. नवे कर्ज त्यांनी कुठे मागितले नव्हते. जामीन ते एकदाच राहिले होते आणि ते कर्ज फिटले होते. शिवाय कार्डाचा वापर किंवा एखादी चौकशी एवढ्याने शंभराहून अधिक गुण सहसा जात नाहीत. एवढी घसरण दिसली की फायलीत कुठेतरी थकलेला हप्ता आहे असे धरूनच शोधावे लागते. आपला नसेल, तर कोणाचा?

म्हणून आम्ही आकडा बाजूला ठेवला आणि पूर्ण अहवाल मागवला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून या चारही कंपन्यांना दर वर्षी प्रत्येकी एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. बहुतेक लोक त्यातला वरचा आकडा पाहतात आणि कागद मिटतात. खरा मजकूर खाली असतो. तिथे प्रत्येक कर्जाचा स्वतंत्र तक्ता असतो आणि त्यात महिन्यागणिक तीन अंकांची एक रांग असते. त्या महिन्याच्या अखेरीस हप्ता किती दिवस थकलेला होता, ते हे अंक सांगतात. शून्य-शून्य-शून्य म्हणजे काहीच थकलेले नाही.

गुरुजींच्या गृहकर्जाखाली शून्यांची अखंड रांग होती. पण त्याखाली आणखी एक तक्ता होता. एप्रिल २०२४ मध्ये एका वित्तकंपनीकडून घेतलेले मोटारसायकलचे कर्ज. त्याच्या रांगेत मे २०२५ पर्यंत शून्ये होती, मग जूनला ०२७, जुलैला ०५८ आणि ऑगस्टला ०८९. तीन जूनला चुकलेला हप्ता तीनही महिने तसाच राहिला, असा त्याचा अर्थ. गुरुजींनी मोटारसायकल घेतलीच नव्हती.

पहिला संशय फसवणुकीचा आला. कोणीतरी त्यांच्या कागदपत्रांवर कर्ज उचलले असावे. पण फसवणारा माणूस तेरा महिने इमानाने हप्ते भरत नाही. मग आम्ही फेब्रुवारीचा जुना अहवाल काढला, आणि मोटारसायकलचे कर्ज त्यातही होते. तेव्हा ते वेळेवर फिटत होते, म्हणून गुणांना धक्का लागला नव्हता आणि गुरुजींचे लक्षही गेले नव्हते. म्हणजे चूक जूनमधली नव्हती, ती वर्षभर आधीची होती. जूनमध्ये ती फक्त दुखू लागली. घसरण ज्या महिन्यात दिसते त्याच महिन्यात कारण शोधत बसणारे इथेच चुकतात. दोन अहवाल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे, हाच यावरचा उपाय आहे.

मग हे कर्ज कोणाचे? अहवालाच्या सुरुवातीला नाव, जन्मतारीख, पत्ते आणि फोन असतात. तिथे गुरुजींच्या पत्त्याखाली दुसऱ्या पाड्याचा पत्ता होता. तो वाचताच गुरुजी हसले. "अरे, हा तर माझ्याच वर्गातला."

त्या दोघांचे नाव एक, आडनाव एक. गावे शेजारची आणि पिनकोड ४०१६०३. वडिलांची नावे वेगळी आहेत, पण वित्तकंपनीच्या नोंदीत मधले नाव गळले होते. राहिली जन्मतारीख. दोघांचीही १ जून १९८१.

या तारखेला आपल्याकडे इतिहास आहे. बाळंतपणे घरी होत, जन्माची नोंद ग्रामपंचायतीपर्यंत पोचत नसे. शाळेत घालताना गुरुजी पोराकडे पाहून वय ठरवत आणि जूनमध्ये सहा पुरी भरावीत म्हणून दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहीत. महाराष्ट्रभर असे 'एक जून'वाले आहेत, आणि जव्हार-मोखाड्यात एकेका वर्गात ते बाकाबाकाला सापडत. या दोघांचा जन्म तर एकाच शिक्षकाने, एकाच रजिस्टरात, एकाच दिवशी लिहिला होता. पुढे तीच तारीख दाखल्यावरून मतदार ओळखपत्रावर आणि तिथून आधारवर गेली.

नोंदी जुळवणाऱ्या कंपनीला पॅन क्रमांक मिळाला, तर अशी गफलत सहसा होत नाही. पण प्राप्तिकराच्या तेव्हाच्या नियमांत वाहन-खरेदीला पॅन लागे त्यातून दुचाकी वगळलेली होती. पॅन नसला तर नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन यांवरून माणूस ओळखावा लागतो. शहरात नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस बहुधा तोच असतो. इथे त्या दोन्ही गोष्टी जुळूनही काहीच सिद्ध होत नाही.

आम्ही त्या वर्गमित्राकडे गेलो. दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर जातो. २०२४ च्या शिमग्याला परतल्यावर त्याने गाडी घेतली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मान्सून तर २६ मे रोजीच मुंबईत पोचला. कच्च्या विटा भिजून माती झाली, भट्टी लवकर बंद पडली, हिशेबाला हाती फारसे आले नाही आणि तीन जूनचा हप्ता राहिला. त्याचीही एक तक्रार होती. दुकानात हप्त्यावर मोबाइल घ्यायला गेल्यावर त्याला सांगितले होते, की तुझ्या नावावर आधीच घराचे मोठे कर्ज आहे. "गुरुजी, माझं घर कुडाचं. त्याला कोण कर्ज देतं?" फाईल एक झाली की ओझे दोन्हीकडे वाटले जाते.

आता दुरुस्ती. गुरुजींनी आधीच घाईने एक तक्रार केली होती : 'थकबाकीची रक्कम चुकीची आहे.' कंपनीने ती वित्तकंपनीकडे धाडली, वित्तकंपनीने रक्कम बरोबर असल्याचे कळवले आणि तक्रार बंद झाली. उत्तर खरेच होते. तिच्या कर्जदाराची थकबाकी तेवढीच होती. चुकीचा प्रश्न विचारला की अचूक उत्तर येते आणि काम अडते.

दुसऱ्या तक्रारीपूर्वी आम्ही आणखी एका कंपनीचा फुकट अहवाल मागवला. त्यात मोटारसायकल नव्हती. ही खूण महत्त्वाची. कर्ज देणाऱ्यानेच चुकीची ओळख कळवली असेल, तर चूक साधारणपणे सगळीकडे दिसते. एकाच ठिकाणी दिसली, तर जुळवणी तिथे चुकली असण्याचा संभव अधिक. मग तक्रार लिहिली ती अशी : हे खाते माझे नाही, हा पत्ता माझा नाही, माझा पॅन हा, वडिलांचे नाव हे. वित्तकंपनीने आपल्या फायलीतला फोटो आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक ताडून पाहिला, आणि चोविसाव्या दिवशी खाते गुरुजींच्या अहवालातून निघाले. पुढच्या अहवालात आकडा ७६८ होता.

या कामाला तीस दिवसांची मुदत आहे. २०२४ च्या एप्रिलपासून ती उलटली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क जाता येते. २०२२ च्या सप्टेंबरपासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. थकबाकी कळवली गेली की माणसाला संदेश पाठवण्याचाही नियम झाला आहे. मात्र संदेश फायलीत असलेल्या फोनवर जातो. गुरुजींना तो कधी मिळाला नाही.

या मुलखाला कर्जाची वही नवी नाही. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे राबत राहायचे, ही 'लग्नगडी'ची पद्धत गोदावरी परुळेकरांनी जुन्या ठाणे जिल्ह्यात पाहिली आणि लिहून ठेवली. त्या वहीत काय लिहिले आहे, ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. आजची वही मागितली तर मिळते आणि वाचताही येते. पण पहिल्या पानावरचा आकडा पाहून आम्ही शिकलेली माणसेही ती मिटतो.

वर्गमित्राची फाईल आता वेगळी झाली आहे. तिच्यात घर नाही. तेरा शून्ये आणि थकलेले महिने, एवढीच तिची जमा. दिवाळीनंतर भट्टीची उचल मिळाल्यावर त्याने दोन हप्ते भरले. गुरुजींनी त्याला पॅन काढून दिला आणि अर्ज भरताना जन्मतारखेच्या रकान्याशी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी लिहिले, १ जून. दुसरी तारीख दोघांकडेही नव्हती.